दुसरा शनिवार की एकाआड एक?

हुडकेश्वरमधली बँक असो वा देशातली कुठलीही, 1 सप्टेंबर 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ती बंद असते. या तारखा अनेकजण मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये एकेक करून भरतात आणि डिसेंबर संपला की यादीही संपते. त्याऐवजी नियमच लिहिता येतो. कॅलेंडरच्या आयकॅलेंडर या प्रमाणित भाषेत तो असा:

```
RRULE:FREQ=MONTHLY;BYDAY=2SA,4SA
```

म्हणजे दर महिन्याला, दुसरा नि चौथा शनिवार. शेवटची तारीख दिली नाही, तर हा नियम पुढेही चालत राहतो.

घोळ होतो तो ‘दर दोन आठवड्यांनी’ हा पर्याय निवडल्यावर. ऑगस्ट 2026 मध्ये पाच शनिवार आहेत. 8 तारखेपासून सुरुवात केली, तर 22 तारीख बरोबर येते. पुढची मात्र 5 सप्टेंबर, म्हणजे पहिला शनिवार! त्या दिवशी बँक उघडी असेल, सुट्टी 12 तारखेला. पहिले काही दिवस सारं जुळतं, म्हणून ही चूक चटकन ध्यानात येत नाही.

तपासणी सोपी आहे. दुसरा शनिवार नेहमी 8 ते 14 आणि चौथा 22 ते 28 या तारखांमध्येच येतो. पुढचे तीन-चार महिने उघडून पाहा. एखादी तारीख याबाहेर दिसली, तर आठवड्यांऐवजी ‘दर महिन्याला, दुसऱ्या शनिवारी’ हा पर्याय निवडा आणि चौथ्यासाठी वेगळी नोंद करा.