आप्ताची खाणावळ आणि परीक्षणाची पहिली ओळ

मावसभावानें खाणावळ काढावी आणि "दादा, तुमच्या वसाहतीच्या मासिकांत चार ओळी लिही ना!" असें म्हणावें, म्हणजे लिहित्या गृहस्थापुढें मोठी पंचाईत उभी राहते. नकार द्यावा, तर मावशीच्या घरीं जाणें अवघड होतें. भरमसाट स्तुति करावी, तर त्या शब्दांवर विसंबून मुलांबाळांसह तेथें जेवावयास जाणाऱ्या शेजाऱ्यांचा विश्वासघात होतो. अशा वेळीं नातें सांगून टाकलें कीं आपण मोकळे झालों, अशी सुशिक्षित मंडळींची समजूत असते. नातें सांगितलेंच पाहिजे, यांत वाद नाहीं. परंतु तेवढ्यानें वाचकाचें काम होतें कीं काय, हें थोडें खोलांत जाऊन पाहण्याजोगें आहे.

कायद्यानेंहि या गोष्टीची दखल घेतली आहे. भारतांत जून २०२२ मध्यें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधीं जीं मार्गदर्शक तत्त्वें निघालीं, त्यांत शिफारस करणारा आणि व्यापारी यांच्यामध्यें वाचकाला सहजीं न कळणारा, परंतु शिफारशीचें मोल बदलणारा संबंध असल्यास तो पूर्णपणें उघड करावा, असें सांगितलें आहे. जानेवारी २०२३ मधील सरकारी पुस्तिकेनें कौटुंबिक आणि व्यक्तिगत संबंधहि त्यांत गणले. हे नियम मुख्यतः जाहिरातींसाठीं आहेत, आणि मासिकांतील परीक्षण म्हणजे जाहिरात नव्हे. मात्र मावसभावानें तेंच परीक्षण चौकटींत बसवून गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगलें म्हणजे तें काय ठरतें, याचा विचार लिहिणारानें आधींच केलेला बरा.

नुसतें नातें सांगणें कां पुरत नाहीं, याचें उत्तर २००५ साली अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सांपडतें. डेलियन केन, जॉर्ज लोवेन्स्टीन आणि डॉन मूर या संशोधकांनीं नाण्यांनीं भरलेल्या बरण्या ठेवल्या. कांहीं माणसांनीं त्या दुरून, क्षणभर पाहून आंतल्या रकमेचा अंदाज करावयाचा होता. दुसऱ्या कांहींनीं त्या जवळून न्याहाळून पहिल्यांना सल्ला द्यावयाचा होता. कांहीं सल्लागारांना मात्र समोरच्याचा अंदाज जितका जास्त, तितका अधिक मोबदला मिळणार होता. हा स्वार्थ जेव्हां उघड केला गेला, तेव्हां सल्लागारांनीं फुगवून सांगणें कमी केलें नाहीं. उलट तें वाढविलें! ऐकणारांनीं त्यांच्या आंकड्यांत कांहीं काटछांट केली, पण ती पुरेशी नव्हती. एकदां सावध केलें, आतां आपली जबाबदारी संपली, अशी सल्लागाराची मनःस्थिति झाली असावी. आणि ऐकणाराला किती वजा करावें हें कळण्यास मार्गच नव्हता. म्हणून नात्याच्या उल्लेखाबरोबर वाचकाच्या हातीं वजाबाकीचें कांहीं साधनहि दिलें पाहिजे.

तें कसें द्यावें, हें पाहण्यासाठीं कल्पनेंतील त्या मावसभावाच्याच खाणावळींत जाऊं. पुण्यांतील एखादी पेठ, दुपारचा एक वाजलेला, थाळी १८० रुपयांची. लिहिणारे गृहस्थ येतांच मालक स्वतः उठून पुढें येतो, खिडकीजवळचें टेबल देतो, आणि तव्यावरून उतरलेली पोळी थेट त्यांच्या ताटांत पडते. शेजारच्या ताटांत मात्र पोळी डब्यांतून येत आहे. निघतांना पैसे काढले, तर "दादा, लाजवतोस का?" असें म्हणून भाऊ हात धरतो. या जेवणावर लिहिलेलें परीक्षण अक्षरशः खरें असेल, आणि तरीहि तें वाचकाच्या उपयोगाचें नाहीं. कारण तें जेवण वाचकाला कधींच मिळावयाचें नाहीं. नातेवाइकाच्या परीक्षणांतील खरा दोष बहुधा हाच असतो. तो खोटें बोलत नाहीं. त्यानें पाहिलेली वस्तूच निराळी असते.

यावर उपाय म्हणजे परक्याचे डोळे उसने घेणें. गृहस्थांनीं कचेरींतील एका सहकाऱ्याला, कोणाची ओळख न सांगतां, दोन वेळां पाठवावें. एकदां एक वाजतां आणि एकदां अडीच वाजतां. पैसे पूर्ण द्यावयाचे, आणि टेबल किती वेळानें मिळालें, काय आलें, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावयाचें. समजा, त्यांतून असें दिसलें कीं एक वाजतां वीस मिनिटें उभें राहावें लागलें, तीन पोळ्यांनंतरच्या प्रत्येक पोळीला वेगळे पंधरा रुपये पडले, आणि अडीच वाजतां आमटी पाणी घालून वाढविलेली होती. उसळ मात्र दोन्ही वेळां उत्तम. गृहस्थांनीं स्वतः पाहिलेली एक गोष्टहि येथें उपयोगी पडते: स्वयंपाकघरांत त्यांना प्रवेश आहे, आणि तेलाची कढई रोज रिकामी होते हें त्यांना ठाऊक आहे. परक्याला तें दिसत नाहीं. नात्यामुळें कांहीं गोष्टी झांकल्या जातात, तशा कांहीं उघड्याहि होतात.

आतां पहिली ओळ. "लेखकाचा या व्यवसायाशीं परिचय आहे" हें वाक्य सभ्य दिसतें, पण परिचय तर दूधवाल्याशींहि असतो. त्याऐवजीं असें लिहावें: "ही खाणावळ लेखकाच्या सख्ख्या मावसभावाची आहे. लेखकाचे पैसे तींत गुंतलेले नाहींत. लेखक एकदां विनामूल्य जेवला. पुढील दोन जेवणें एका अनोळखी गिऱ्हाइकानें पैसे देऊन घेतलीं, आणि खालील मत मुख्यतः त्यांवरून आहे." हीं वाक्यें उसळीच्या स्तुतीच्या आधीं यावयास हवींत. स्तुति वाचून मन अनुकूल झाल्यावर शेवटीं बारीक अक्षरांत सांगितलेलें नातें वाचकाला फारसें मागें खेंचीत नाहीं. खालच्या मजकुरांतहि "अप्रतिम", "घरच्यासारखें" यांपेक्षां वीस मिनिटें, पंधरा रुपये, पातळ आमटी हे शब्द असावेत, कारण ते कोणालाहि तेथें जाऊन पडताळतां येतात. इंटरनेटवरच्या नकाशांत तारे देऊन मत नोंदवावयाचें असेल, तर आप्तानें तें टाळावें हेंच उचित. लिहिलेला खुलासा मजकुरांत राहतो. तारा मात्र सरासरींत मिसळून जातो आणि तेथें त्याचें नातें कोणालाच दिसत नाहीं.

छापण्यापूर्वीं मजकूर भावाला दाखवावा काय? दर, वेळा, पत्ता एवढें तपासून घेण्यास हरकत नाहीं. मत मात्र दाखवूं नये. कारण एकदां दाखविलें कीं आमटीवरचें वाक्य बदलण्याचा आग्रह होणारच. "परक्यांनीं लिहिलं असतं तर चाललं असतं, तूं घरचा ना?" हें त्याचें दुःख खरें आहे. कर्ज काढून त्यानें दुकान मांडलेलें असतें. त्यासाठीं आमटीची गोष्ट त्याच्या कानीं आधीं घालावी, छापील अंक त्याच्या हातीं पडण्यापूर्वीं, आणि शक्य तर घरीं बसून. कांहीं सज्जन याच्या उलट टोकाला जातात. पक्षपाताचा आरोप येऊं नये म्हणून उसळीलाहि नांवें ठेवतात. त्यानें वाचकाची तितकीच फसगत होते, आणि भावाचें विनाकारण नुकसान होतें.

आणि त्या कर्जाला गृहस्थ स्वतः जामीन असतील, किंवा भांडवलांत त्यांचा वांटा असेल, तर कोणत्याहि खुलाशानें हें परीक्षण उभें राहत नाहीं. त्यांनीं तें लिहूं नये. भावाच्या नांवानें, दर आणि वेळा देऊन, वर "जाहिरात" असा शब्द छापून मजकूर द्यावा, आणि मासिकाचा जो काय दर असेल तो भरावा.