वीज गेली, तर इन्सुलिन आणि श्वासाचं मशीन

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आज आपण अशाच अंधारातल्या एका घराचा हिशेब मांडणार आहोत. घरात साठीचे काका. त्यांना रोज तीस युनिट इन्सुलिन लागतं. शिवाय झोपेत श्वास अडकतो, म्हणून रात्री सीपॅप मशीनचा मास्क लावावा लागतो.

फ्रिज बंद पडला की पहिली धावपळ होते ती बर्फासाठी. आम्ही म्हणतो, आधी बाटल्या मोजा. काकांची एक बाटली अर्धी वापरलेली होती, एक सीलबंद होती. आपल्याकडची साधी बाटली दहा मिलीची, चाळीस ताकदीची, म्हणजे चारशे युनिटची. अर्धीतले दोनशे आणि नवीतले चारशे मिळून सहाशे झाले. रोज तीस म्हणजे वीस दिवसांचा साठा. बहुतेक इन्सुलिन फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालतं, मात्र जागा 25 ते 30 अंशांच्या आत हवी. नेमका आकडा बाटलीसोबतच्या कागदावर असतो. सीलबंद बाटली बाहेर काढली की तिचेही दिवस सुरू होतात, म्हणून तिच्यावर तारीख लिहा. उघडलेल्या बाटलीचे दिवस ती उघडली तेव्हापासून धरायचे. काकांचा साठा त्या मुदतीत संपणारा होता, म्हणजे बर्फाची गरजच नव्हती. साठा दोन-तीन महिन्यांचा असेल, तर जादा बाटल्या जनरेटर असलेल्या औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात ठेवायला द्या.

बर्फाला आम्ही घाबरतो ते उगाच नाही. बर्फाला टेकलेली बाटली गोठू शकते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. थर्मासमध्ये बर्फ ठेवायचाच असेल, तर बाटली जाड कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवा.

मडक्याची युक्ती चांगली आहे. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान कोरडं मडकं, आत डबीतलं इन्सुलिन, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल तिथे ठेवायचं. पण हा गारवा पाणी सुकण्यातून येतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात मडकं छान गार होतं, कोकणातल्या जूनमध्ये दमट हवेत पाणी सुकतच नाही, जेमतेम एक-दोन अंशांचा फरक पडतो. आत साधा थर्मामीटर ठेवला की अंदाजावर राहावं लागत नाही.

पाण्यासारखं दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ इन्सुलिन हलवूनही त्यात गुठळ्या राहिल्या, तर ते वापरू नका. पण ताकद गेलेलं इन्सुलिन दिसायला चांगलंही असू शकतं. म्हणून या दिवसांत बोटातून साखर जास्त वेळा तपासा. नेहमीचा डोस, नेहमीचं जेवण आणि तरी साखर चढत चालली, तर बाटली बदला आणि डॉक्टरांना विचारा. शंका आली म्हणून इंजेक्शन मात्र बंद करायचं नाही.

आता मशीन. घरात इन्व्हर्टर होता, बॅटरी 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची. गुणाकार 1800. बॅटरी पूर्ण उपसली तर लवकर मरते, म्हणून निम्मेच धरू, 900. पहिल्या रात्री मशीन चालू, मशीनमधलं पाणी तापवणारा हीटर चालू, पंखाही चालू. मशीन आणि हीटर मिळून 60 वॅट, पंखा 75, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते 15 धरू. झाले 150. 900 ला 150 ने भागा, सहा तास. अकराला झोपलेल्या काकांचं मशीन पहाटे पाचला थांबलं.

दुसऱ्या दिवशी हीटर बंद केला. तीच दमट हवा इथे कामाला आली, कारण नाक कोरडं पडायचा प्रश्न नव्हता. हिवाळ्यात टाकीत साधं पाणी ठेवावं, तेवढंही बरं पडतं. नळी तापणारी असेल तर तीही बंद. नुसतं मशीन साधारण 25 वॅट धरा, इन्व्हर्टरचे 15, एकूण 40. सात तासांना 280. म्हणजे तीन रात्री निघाल्या, पण पंखा सोडावा लागला. घरात कुरबुर झाली, ती होणारच. बॅटरी जुनी असेल तर एखादी रात्र कमी धरा. मशीनच्या कंपनीची थेट बॅटरीला जोडायची वायर मिळत असेल तर इन्व्हर्टरचा खर्चही वाचतो. व्होल्ट जुळतात का, ते मात्र आधी पाहा, कारण काही मशीन 12 वर चालतात, काही 24 वर.

मशीन थांबलं तर मास्क लगेच काढायचा. मग कुशीवर, डोकं उंच ठेवून झोपवा. दारू आणि झोपेची गोळी अशा रात्री नको. हा उपचार नव्हे, रात्र काढायची सोय आहे. पण फुफ्फुसं किंवा श्वासाचे स्नायू दुबळे आहेत म्हणून डॉक्टरांनी बायपॅप मशीन दिलं असेल, तर घरी थांबू नका. बॅटरी संपायच्या आधी, उजेड असतानाच पेशंटला वीज असलेल्या दवाखान्यात हलवा.