फाडल्यावर दोन कागद होतात
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या वेळी सुट्टीची सूचना फळ्यावर यायची, आपण ती वहीत उतरवायचो आणि खाली पालकांची सही आणायचो. कागद एकच असे, सूचनाही त्यावर आणि सहीही त्यावर. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक सरांनी मला फोन केला. "दिवाळीच्या सुट्टीचं परिपत्रक करून दे. सुट्टीत सातवीची सिंहगडाला एक दिवसाची सहल आहे, तर खाली फाडून द्यायचं संमतीपत्र ठेव. सगळं एका पानात बसव." वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मला हे अर्ध्या तासाचं काम वाटलं. त्यात मी दोन चुका केल्या, त्या आज सांगते.

पहिली चूक फाईलची. माझ्या लॅपटॉपवर सगळं एका पानात नेटकं बसलं होतं. मी वर्डची फाईल पाठवली. शाळेच्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता, म्हणून त्याच्या जागी मंगल आला. मंगलमध्ये दोन ओळींतलं अंतर बरंच जास्त असतं. मजकूर खाली सरकत गेला आणि शेवटची ओळ दुसऱ्या पानावर गेली. ती ओळ होती 'पालकांची सही'. कार्यालयात पहिल्या पानाच्या साठ झेरॉक्स निघाल्या. संमतीपत्र होतं, पण सहीला जागाच नव्हती! बाईंच्या लक्षात आलं म्हणून वाटप थांबलं.

त्यावर उपाय सोपा होता. ए-फोर कागदाची उंची २९७ मिलिमीटर असते. त्यातला खालचा तिसरा भाग, म्हणजे ९९ मिलिमीटर, मी संमतीपत्राला दिला. तो चौकटीत घालून चौकट मजकुराला न जोडता पानाच्या तळाशी पक्की केली. आता वरचा मजकूर वाढला तरी संमतीपत्र जागचं हलत नाही. मग फॉन्टसकट पीडीएफ करून तीच पाठवली. पाठवण्याआधी एकच गोष्ट पाहायची: पानांची संख्या १ आहे ना.

दुसरी चूक कागदाची, आणि ती परिपत्रक घरोघर गेल्यावर कळली. बस सुटण्याची वेळ, साडेसहा, मी खालच्या भागात लिहिली होती, 'साडेसहा वाजता शाळेत सोडण्यास माझी संमती आहे' अशी. वाक्य बरोबर होतं. पण पालकांनी सही करून तो भाग फाडून दिला आणि वेळही त्याच्याबरोबर शाळेत परत गेली. घरी उरलेल्या कागदावर सहलीची फक्त तारीख होती. आदल्या रात्री बाईंचा फोन वाजत राहिला. ज्यांनी फोन केला नाही त्यांच्यापैकी एक वडील नेहमीच्या शाळेच्या वेळेला मुलीला घेऊन आले. बस गेलेली होती. ती मुलगी डबा हातात धरून फाटकाशी उभी होती, हे मला बाईंनी नंतर सांगितलं. मी ओशाळून गप्प बसले.

बाईच म्हणाल्या, "अगं, आधी कात्री लावून बघायचं." मग आम्ही दोघींनी परिपत्रक छापलं, कापलं आणि दोन तुकडे वेगवेगळे वाचले. वरचा तुकडा घरी राहतो. त्यावर सुट्टी कधीपासून कधीपर्यंत, शाळा कधी उघडणार, सहलीची निघण्याची आणि परतण्याची वेळ, आणि संमतीपत्र कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं हे सगळं हवं. खालचा तुकडा शाळेत जातो आणि साठांच्या गठ्ठ्यात पडतो. त्याला स्वतःची ओळख हवी. आम्ही तो असा केला:

विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता-तुकडी, हजेरी क्रमांक
सिंहगड सहल, दिनांक, सकाळी ६.३० ते सायं. ६
पाठवत आहे / पाठवत नाही (एकावर खूण करावी)
औषध किंवा आजाराबाबत सूचना
त्या दिवशी लागणारा फोन क्रमांक
पालकांची सही व दिनांक

वेळ दोन्ही तुकड्यांवर आहे, आणि ती मुद्दाम दोनदा लिहिली आहे. 'पाठवत नाही' हा पर्याय बाईंनी घालायला लावला. तो नसला तर न आलेल्या चिठ्ठीचा अर्थ कळत नाही. पालकांचा नकार आहे, की चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळली आहे? पर्याय असला की प्रत्येकाची चिठ्ठी यायलाच हवी, आणि जिची आली नाही तिच्या घरी फोन करायचा. चिठ्ठी आली नाही म्हणजे होकार, असं कधीच धरायचं नाही.

गेल्या दिवाळीत तीच फाईल तारखा बदलून वापरली. सहलीच्या आदल्या रात्री बाईंचा फोन वाजला नाही. सकाळी साडेसहाला बस निघाली, तेव्हा गेल्या वर्षी फाटकाशी राहिलेल्या मुलीचा धाकटा भाऊ खिडकीशी बसला होता. हा निरोप बाईंनी मला मुद्दाम पाठवला.