बोनसच्या एक्सेल शीटमधले दोन बग

आजचा एपिसोड बोनसबद्दल आहे. कंपनी खूश होऊन देते तो परफॉर्मन्स बोनस नाही, तर कायद्याने द्यावाच लागतो तो बोनस. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, कामगार कायद्याशी माझा तसा संबंध नाही. पण 2024 च्या दिवाळीत माझ्या आतेभावाचा फोन आला आणि मला हा विषय नीट वाचावा लागला.

तो एका छोट्या कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो. कारखाना जुना आहे, चाळीसेक माणसं आहेत. फोनवर म्हणाला, "दादा, सगळ्यांना बोनस झाला, मलाच नाही. अकाउंटवाले म्हणतात तुझा पगार 21 हजारांच्या वर आहे, तू बसत नाहीस." मी म्हटलं, सॅलरी स्लिप पाठव. आणि जमलं तर हिशेबाची शीट पण माग. अकाउंटवाल्या काकांनी बिचाऱ्यांनी ती लगेच व्हॉट्सअ‍ॅप केली. लपवायचं काही नव्हतंच, त्यांना तो हिशेब बरोबरच वाटत होता.

स्लिपवरचे आकडे ऐकायला सोपे जावेत म्हणून गोल करून सांगतो. बेसिक आणि डीए मिळून 14,000. घरभाडे भत्ता आणि प्रवास भत्ता मिळून 6,000. ओव्हरटाइम 2,500. एकूण ग्रॉस 22,500. आणि शीटमधला फॉर्म्युला असा होता:

```
=IF(D2>21000, 0, MIN(B2,7000)*12*8.33%)
```

यात B2 म्हणजे बेसिक अधिक डीए आणि D2 म्हणजे ग्रॉस. एवढ्याशा ओळीत दोन बग आहेत. ते समजले की बोनसचा अर्धा कायदा समजला.

पहिला बग D2 मध्ये आहे. 2023-24 या वर्षाला बोनस प्रदान अधिनियम, 1965 लागू होता. त्यात महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला आणि वर्षात किमान 30 दिवस काम केलेला माणूस बोनसला पात्र ठरतो. कारखाना असेल किंवा 20 अथवा जास्त माणसांची आस्थापना असेल, तर तिथे हा कायदा लागू. पण 'वेतन' म्हणजे काय, हे कायद्याने वेगळं सांगितलंय. त्यात बेसिक आणि डीए येतात. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम वगैरे येत नाहीत. म्हणजे आतेभावाचं कायद्याच्या भाषेतलं वेतन 14,000. तो 21,000 च्या बराच आत आहे. जास्त ओव्हरटाइम केला म्हणून त्याचा बोनस गेला होता!

मी D2 च्या जागी B2 टाकलं. उत्तर आलं 6,997 रुपये. म्हणजे बाकीच्यांना मिळाले तेवढेच. आतेभाऊ तेवढ्यावर खूश झाला. म्हणाला, "चला दादा, मिटलं." पण मला त्या 7000 ची शंका येत होती. असा थेट फॉर्म्युल्यात ठोकलेला आकडा दिसला की आमच्या धंद्यात आधी विचारतात, हा आकडा आला कुठून?

तोच दुसरा बग. 21,000 ही दाराची मर्यादा आहे, म्हणजे आत कोण येणार ते ठरवणारी. आत आल्यावर टक्केवारी कशावर लावायची, याची मर्यादा वेगळी आहे. ती आधी 3,500 होती. 2015 च्या दुरुस्तीने ती 7,000 झाली, पण पुढे एक महत्त्वाचं वाक्य आलं. 7,000 रुपये किंवा त्या कामासाठी सरकारने ठरवलेलं किमान वेतन, यातलं जे जास्त असेल ते धरायचं. शीट बनवताना वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला गेला आणि दुसरा राहिला.

महाराष्ट्रात किमान वेतनात मूळ दर आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात, आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. त्यामुळे खरा हिशेब महिन्या-महिन्याचा करावा लागतो. आपण सोपं करू. समजा, आतेभावाच्या कामाचं किमान वेतन वर्षभर 13,000 होतं आणि ते C2 मध्ये लिहिलं. मग फॉर्म्युला असा होतो:

```
=IF(B2>21000, 0, MIN(B2, MAX(7000,C2))*12*8.33%)
```

7,000 आणि 13,000 मध्ये मोठं 13,000. त्याचं वेतन 14,000 असलं तरी हिशेब 13,000 वरच होणार. वर्षाचे झाले 1,56,000. त्याचे 8.33 टक्के म्हणजे 12,995 रुपये. शून्यावरून सात हजार, सात हजारांवरून तेरा हजार. पगार तोच, माणूस तोच.

आता 8.33 च का? वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे एका महिन्याचा पगार. ही किमान टक्केवारी आहे. "यंदा नफा नाही" असं सांगून ती टाळता येत नाही. अपवाद नव्या आस्थापनेचा. तिला पहिली पाच वर्षं फक्त नफा झालेल्या वर्षीच बोनस द्यावा लागतो. कमाल मर्यादा 20 टक्के. कायद्यातल्या हिशेबाने वाटण्याजोगी शिल्लक जास्त निघाली, तर टक्केवारी 8.33 च्या वर जाते, पण 20 ला थांबते. आतेभावाच्या बाबतीत ते 31,200 झाले असते. 20 टक्के मागायचे तर कंपनीचा ताळेबंद लागतो, 8.33 मागायला सॅलरी स्लिप पुरते.

आतेभावाला भांडायचं नव्हतं. नोकरी टिकवायची होती. म्हणून आम्ही तक्रार न करता दोन्ही फॉर्म्युले एका कागदावर छापले, किमान वेतनाचं सरकारी पत्रक जोडलं आणि तो ते काकांकडे घेऊन गेला. बोनस हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो. मार्चला वर्ष संपलं तर 30 नोव्हेंबरपर्यंत. हातात तीन आठवडे होते. काकांनी कागद त्यांच्या सीएला दाखवला. 28 तारखेला आतेभावाला पूर्ण रक्कम आली आणि बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या पगाराप्रमाणे फरक मिळाला. असं झालं नसतं, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज हा पुढचा रस्ता होता.

आता एक अपडेट. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली आहे आणि जुना बोनस कायदा तिच्यात गेला आहे. 8.33 आणि 20 टक्के तसेच आहेत, 30 दिवसांची अटही तशीच. पण पात्रतेची मर्यादा आता सरकार अधिसूचनेने ठरवतं, म्हणून हिशेबाआधी चालू आकडा बघा. वेतनाची व्याख्याही बदलली आहे. भत्ते वगैरे एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात मोजला जातो. आतेभावाचे 22,500 पैकी 8,500 च आहेत, निम्म्याच्या आत, त्यामुळे त्याला फरक नाही. पण ज्यांचं बेसिक मुद्दाम छोटं ठेवलंय, त्यांना पडेल.

तर तुमची स्लिप उघडा. बेसिक अधिक डीए किती, ते बघा. आणि मिळालेला बोनस 6,997 किंवा 7,000 च्या आसपास असेल, तर फॉर्म्युल्यात तो 7000 ठोकलेला आहे का, एवढं विचारा. भेटू पुढच्या एपिसोडला.