गोळी बदलताना: ओलान्झापिनकडून अ‍ॅरिपिप्राझोलकडे

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

नवीन जालन्यातून बोलतेय. आजचा भाग मुख्यतः इंटर्नशिप करणाऱ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या आणि मनोविकारशास्त्र शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आहे. घरात कुणाला या गोळ्या चालू असतील तर तुम्हीही ऐका, पण ऐकून घरीच डोस बदलू नका. का, ते शेवटपर्यंत कळेलच.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पंचविशीतला मुलगा, एमआयडीसीत रोलिंग मिलला कामाला. स्किझोफ्रेनिया. ओलान्झापिन २० मिलीग्रॅम रात्री, दीड वर्ष. कानातले आवाज थांबले होते आणि तो कामावर परत गेला होता. पण वजन ६४ किलोवरून ८४ वर गेलं होतं आणि उपाशीपोटी साखर ११८ आली होती. तो म्हणाला, "मॅडम, शर्टाची बटणं लागत नाहीत. ही गोळी मी आता बंदच करणार."

त्याने मनानेच बंद करण्यापेक्षा बदललेली बरी, असं मला वाटलं. ते बरोबरच होतं. चुकलं ते पुढे. मी ओलान्झापिन त्याच रात्री थांबवली आणि दुसऱ्या सकाळी अ‍ॅरिपिप्राझोल १५ मिलीग्रॅम सुरू केली. चौथ्या दिवशी आई त्याला घेऊन आली. "मॅडम, पोराचं दुखणं परत आलं. तीन रात्री डोळा नाही, घाम फुटतो, उलट्या होतात, रात्रभर अंगणात येरझारा घालतो." घरच्यांनी नवी गोळी कचऱ्यात टाकली होती. मी जुनी परत सुरू केली. दोन रात्रींत तो झोपला. पण नवी गोळी म्हणजे विष, ही घरातली समजूत पुसायला मला वर्ष लागलं.

मग काय बिघडलं होतं? दुखणं परत आलंच नव्हतं. ओलान्झापिन मेंदूतल्या एकाच कुलपाला हात घालत नाही. ती डोपामिनचा रिसेप्टर अडवते, म्हणून आवाज थांबतात. ती हिस्टामिनचा अडवते, म्हणून झोप आणि भूक वाढते. ती असिटिलकोलिनचाही अडवते. दीड वर्ष दार अडवून धरलं की शरीर आतून त्या दारावर जोर लावायला शिकतं. तुम्ही एकदम हात काढलात की दार धाडकन उघडतं. हिस्टामिनकडून निद्रानाश आणि चिडचिड येते. असिटिलकोलिनकडून मळमळ, उलटी, घाम आणि अस्वस्थता येते. यालाच रिबाउंड म्हणतात. अ‍ॅरिपिप्राझोल डोपामिनचं दार सांभाळते, पण उरलेल्या दोन दारांवर तिचा हात फारच हलका. म्हणून नवी गोळी पोटात असूनही तो तडफडत होता.

दुसरी गोष्ट वेळेची. अ‍ॅरिपिप्राझोलचा अर्धायुष्यकाळ साधारण ७५ तास. म्हणजे डोस दिल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला दोन आठवडे लागतात. ओलान्झापिनचा साधारण ३० तास, ती आठवड्याभरात जवळपास निघून जाते. जुनी गेली आणि नवी पूर्ण आली नाही, अशा पोकळीत मी त्याला सोडलं होतं.

वर्षभराने दुसरा प्रयत्न केला. आधी स्वतःलाच विचारलं, बदल खरंच हवा का? डोस कमी करून किंवा मेटफॉर्मिन जोडून भागेल का? त्याच्या बाबतीत डोस १५ वर आणताना आवाज पुन्हा कुजबुजले होते, आणि मेटफॉर्मिनने वजन वाढायचं थांबलं तरी उतरलं नव्हतं. म्हणून बदल. पण वेळ निवडली. घरात लग्न, नाइट शिफ्टचा महिना किंवा नुकतीच तब्येत सावरलेली असताना हे करायचं नाही. आणि पहिल्याच दिवशी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, लिपिड, झोपेचे तास आणि हातपायांच्या हालचाली लिहून ठेवल्या. नंतर एखादी हालचाल दिसली तर ती आधीपासून होती का, हे कळायला हवं.

आईला आणखी एक विचारलं. पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा सगळ्यात आधी काय बदललं होतं? ती म्हणाली, "जेवायला बसला की ताटाचा वास घ्यायचा. कुणी काही कालवलंय म्हणायचा." हे मी केसपेपरवर ठळक लिहिलं. याचा उपयोग पुढे येतो.

पद्धत अशी. जुनी गोळी पूर्ण डोसवरच ठेवायची, नवी हळूहळू चढवायची, नवी स्थिरावली की मगच जुनी उतरवायची. म्हणजे मधे काही आठवडे दोन्ही गोळ्या भरपूर असतात. अ‍ॅरिपिप्राझोलसाठी मला हीच वाट सगळ्यात सुरक्षित वाटते.

पहिले दोन आठवडे ओलान्झापिन २० तशीच, सकाळी नाश्त्यानंतर अ‍ॅरिपिप्राझोल ५. सकाळीच, कारण काहींची ती झोप उडवते. मग अ‍ॅरिपिप्राझोल १०. इथे पाचव्या दिवशी पहिला अडथळा आला. तो म्हणाला, "आवाज नाहीत, झोपही लागते. पण पाय बसू देत नाहीत. मिलमध्ये उभा असलो तरी वाटतं चालत सुटावं." याला अकॅथिशिया म्हणतात. हा क्षण ओळखता आला पाहिजे. याला आजाराची खळबळ समजून तुम्ही गोळी वाढवलीत, तर खळबळ दुप्पट होते. आणि असह्य अकॅथिशियात आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, म्हणून ते थेट विचारा. मी डोस पुन्हा ५ वर आणला. नाडी, रक्तदाब पाहून आणि दमा नाही याची खात्री करून प्रोप्रॅनोलॉल २० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा दिली. दोन आठवड्यांनी पुन्हा १० केला. या वेळी पाय शांत राहिले. आणखी दोन आठवड्यांनी १५, आणि त्यावरही पूर्ण दोन आठवडे थांबले.

मग ओलान्झापिनची उतरण. दर दोन आठवड्यांनी एक पायरी: १५, १०, साडेसात, ५. इथवर काही जाणवलंही नाही, आणि इथेच आपण फसतो. २० वरून १० वर आलात तरी डोपामिनची बरीच कुलपं बंदच असतात. ५ वरून शून्यावर येताना मात्र धडाधड उघडतात. डोस आणि परिणाम यांचा आलेख सरळ नसतो, शेवटी तो कड्यासारखा खाली येतो. म्हणून शेवटच्या पायऱ्या जास्त लहान हव्यात.

मी ५ वरून थेट अडीच केले. तिसऱ्या रात्री तो तीनच तास झोपला, सकाळी मळमळ. आईचा फोन आला, आवाजात मागच्या वेळची भीती. मी तीन प्रश्न विचारले.

एक, हे कधी सुरू झालं? डोस कमी केल्यावर एक ते चार दिवसांत आलं तर रिबाउंडची शक्यता जास्त. आजार परतताना सहसा आठवडे घेतो.

दोन, काय काय होतंय? झोप, मळमळ आणि घामच का, की संशय आणि आवाजही? "ताटाचा वास घेतो का?" मी विचारलं. "नाही मॅडम, जेवतो नीट."

तीन, आधीचा डोस दिल्यावर किती लवकर बरं वाटतं? रिबाउंड एकदोन दिवसांत ओसरतो.

५ परत सुरू केला. दुसऱ्या रात्री झोपला. तीन आठवडे तिथेच थांबलो, मग अडीचची दीड गोळी, म्हणजे पावणेचार मिलीग्रॅम. नंतर अडीच, सव्वा आणि शेवटी शून्य. प्रत्येक पायरी दोन आठवड्यांची. झोपेसाठी पाच रात्री क्लोनाझेपाम पाव मिलीग्रॅम दिली आणि चिठ्ठीवर तिची बंद होण्याची तारीखही लिहिली, नाहीतर तीच कायमची होऊन बसते. सगळ्याला सुमारे सहा महिने लागले. त्यानंतर चार महिन्यांनी वजन ७८ होतं. साखरही खाली आली. प्रोप्रॅनोलॉल नंतर सावकाश कमी करून थांबवली.

आता वाटेतले काही खड्डे. सगळ्यात नेहमीचा म्हणजे अर्धवट अडकणं. दोन्ही गोळ्यांवर पेशंट छान असतो, डॉक्टरला हात लावायची भीती वाटते, आणि तो वर्षानुवर्षं दोन्हींवर राहतो. म्हणून पहिल्याच दिवशी तारखांसह पूर्ण पत्रक लिहून द्या, सकाळ-रात्र वेगळे रकाने करून, आणि त्याची एक प्रत फाइलला लावा.

दुसरा खड्डा म्हणजे हाताचा थरथराट किंवा ताठरपणा यासाठी चालू असलेली ट्रायहेक्सिफेनिडिल. ती ओलान्झापिनसोबत एकाच दिवशी बंद केली, तर असिटिलकोलिनचं दार दुप्पट जोराने उघडतं. ओलान्झापिन पूर्ण थांबून काही आठवडे झाले की मग ती सावकाश कमी करा.

तिसरा, बिडी. धुरामुळे यकृत ओलान्झापिन लवकर संपवतं. पेशंटने बिडी सोडली की तिची रक्तातली पातळी चढते आणि तो गुंगतो. तंबाखू किंवा गुटखा चघळणाऱ्याला हा परिणाम होत नाही, कारण कारण निकोटिन नाही, धूर आहे. तसंच फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर अ‍ॅरिपिप्राझोल निम्मी द्या.

आणि मर्यादा. हे वेळापत्रक क्लोझापिनला लावू नका. तिचा रिबाउंड सगळ्यात जोरदार असतो आणि ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा साडेबारा मिलीग्रॅमपासून चढावं लागतं. ते काम तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. लांब पल्ल्याच्या इंजेक्शनवर असलेल्यांचंही गणित वेगळं. कोणत्याही टप्प्यावर ताप, अंग लाकडासारखं ताठ होणं आणि गोंधळलेपण एकत्र दिसलं तर गोळ्या थांबवून लगेच रुग्णालयात. तोंडाच्या किंवा बोटांच्या विचित्र हालचाली नव्याने सुरू झाल्या तर एक पायरी मागे जा. त्या बहुतेकदा काही आठवड्यांत ओसरतात, पण नोंद ठेवा.

घरच्यांसाठी शेवटचं. गोळी नकोशी झाली तर लपवून बंद करू नका, आमच्याकडे येऊन भांडा. भांडण चालेल. रात्री-अपरात्री कुणी सापडत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जीवाला धोका वाटला तर मात्र फोनवर थांबू नका, जवळच्या रुग्णालयात घेऊन या.

आणि तो मुलगा? परवा मिलची पाळी संपवून आला होता, हातात भाकरीचा डबा. म्हणाला, "मॅडम, जुना शर्ट बसतोय. बटणं लागतात." मी शर्ट पाहिला, आणि आईला विचारलं, ताटाचा वास घेतो का. ती हसली. "नाही. आता वास न घेताच दोन भाकरी जास्त मागतो."

भेटू पुढच्या भागात.