विस्मृतीच्या विकारावरील औषधे : अपेक्षा आणि मर्यादा

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून आपण ज्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, अशा वृद्धांपैकी पुष्कळांना अल्झायमर हा मेंदूचा विकार झालेला असतो. त्यावर गोळ्या मिळतात हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. मात्र त्या गोळ्या नेमके काय करतात आणि काय करू शकत नाहीत, याविषयी बराच गैरसमज आढळतो. आज तेवढ्यापुरतेच बोलतो.

मेंदूतील एक पेशी दुसरीला निरोप पाठवते तो रासायनिक द्रव्यांच्या द्वारे. स्मरण आणि अवधान यांच्या कामी ॲसिटिलकोलिन हे द्रव्य महत्त्वाचे असते. या विकाराने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत हे द्रव्य तयार करणारी यंत्रणा फार क्षीण झालेली असते, असे ब्रिटनमधील संशोधकांना १९७६ मध्ये आढळून आले. निरोप पोहोचल्यावर ॲसिटिलकोलिनचे विघटन करणारे कोलिनएस्टरेज नावाचे विकर मेंदूत असतेच. त्या विकराला अटकाव केला, तर उरलेले द्रव्य थोडा अधिक वेळ टिकेल, हा या औषधांमागील विचार होय. विहिरीचा झरा आटत चालला असता पाटाच्या गळत्या बुजवाव्यात, तसा हा प्रकार आहे. पाणी काही काळ पुरते; झरा मात्र आटतच राहतो. पेशींचा नाश या औषधांनी थांबत नाही, हे त्यावरून सहज ध्यानात येईल.

या वर्गातील पहिले औषध, टॅक्रिन, अमेरिकेत १९९३ मध्ये संमत झाले. परंतु यकृताला इजा होत असल्याने ते मागे पडले. सध्या डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन व गॅलँटामिन ही तीन वापरात आहेत. मेमँटिनचा मार्ग निराळा. ग्लुटामेट या दुसऱ्या द्रव्याच्या अतिरेकी उत्तेजनाने पेशींवर ताण पडतो; तो मेमँटिन काहीसा कमी करते. ते मध्यम व तीव्र अवस्थेत देतात. सौम्य अवस्थेत त्याचा लाभ दिसून आलेला नाही, तरीही ते सर्रास लिहून दिले जाते, हे मला उचित वाटत नाही.

आता लाभ किती, ते उदाहरणाने पाहू. समजा, ७४ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आहेत. वार, तारीख, शब्दांची आठवण, साधी वजाबाकी अशा ३० गुणांच्या प्रचलित चाचणीत त्यांना १८ गुण मिळाले. उपचाराविना वर्षाला साधारण २ ते ४ गुण घटतात. डोनेपेझिल रोज ५ मिलिग्रॅम सुरू करून ४ ते ६ आठवड्यांनी १० मिलिग्रॅम केले, तर सहा महिन्यांनंतर औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी एखाद्या गुणाचा फरक पडतो. म्हणजे गुरुजींचे गुण तेव्हा १८ च्या आसपासच असले, तर औषध निरुपयोगी ठरले असे नव्हे. घसरण काही महिने लांबली, एवढेच त्याचे फळ. नातवाचे विसरलेले नाव परत आठवेल ही अपेक्षा मात्र बाळगू नये. काहींना तर काहीच गुण येत नाही.

आता अडचणीकडे वळू. हे द्रव्य मेंदूबाहेरही काम करते. त्यामुळे मळमळ, जुलाब, अन्नावरची वासना उडणे, नाडी मंद होणे, क्वचित भोवळ येऊन पडणे असे प्रकार घडतात. म्हणून औषधापूर्वी नाडी तपासावी आणि वजनावर नजर ठेवावी. रात्री विचित्र स्वप्ने पडत असतील, तर गोळी सकाळी देता येते.

आपल्या गुरुजींना गोळी वाढवल्यानंतर लघवीची घाई होऊ लागली, असे समजा. घरच्यांनी दुसऱ्या दवाखान्यात दाखवले आणि तेथे ऑक्सिब्युटिनिन लिहून दिले गेले. हे औषध ॲसिटिलकोलिनच्याच कार्याला विरोध करते. एका हाताने द्यावे आणि दुसऱ्याने काढून घ्यावे, असा हा व्यवहार! गुरुजी अधिकच गोंधळले की घरचे म्हणतात, ‘रोग बळावला.’ सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन हेही त्याच जातीचे. वृद्धाचा गोंधळ एकाएकी वाढला, तर आधी गेल्या काही दिवसांत कोणती नवी गोळी सुरू झाली ते विचारावे, आणि दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

औषध कधी थांबवावे? ब्रिटनमधील २९५ रुग्णांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मध्यम व तीव्र अवस्थेतही डोनेपेझिल चालू ठेवणाऱ्यांचे गुण ते बंद करणाऱ्यांपेक्षा सरासरी १.९ ने अधिक राहिले. तेव्हा केवळ ‘सुधारणा दिसत नाही’ म्हणून गोळी एकदम बंद करू नये. त्रासच अधिक होत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने १० वरून ५ मिलिग्रॅमवर यावे, महिनाभर वागणूक व दिनचर्या पाहावी आणि मगच ती बंद करावी. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत प्रकृती स्पष्टपणे ढासळली, तर औषध पुन्हा सुरू करण्याविषयी डॉक्टरांना लगेच भेटावे. फार काळ लोटल्यावर गमावलेले पुन्हा हाती येईलच असे नाही.