आगगाडी की विमान? एका प्रवासाचा जमाखर्च

लग्नाच्या आमंत्रणाबरोबर घरात एक वाद हमखास शिरतो, तो म्हणजे जावे कशाने? दादरचे एक चौकोनी कुटुंब घेऊ. पतिपत्नी, वृद्ध आजी आणि नऊ वर्षांची मुलगी. जावयाचे आहे नागपुरास, आणि अहेराच्या लुगड्यांसह सामान आहे सत्तर किलो.

नुसत्या तिकिटांकडे पाहून निर्णय करणे फसवे असते. वातानुकूलित तिसऱ्या वर्गाचे भाडे 1,300 रुपये धरले, तर आगगाडीची चार तिकिटे 5,200 रुपयांची होतात. मुलीस स्वतंत्र शय्या हवी म्हणून तिचेही पूर्ण तिकीट. आणि आजीची सवलत तर 2020 साली बंद झाली. दोन्ही गावच्या वाहनांचे 500 आणि घरून नेलेल्या दशम्या-चटणी व सकाळचा चहा यांचे 200 मिळविले की बेरीज 5,900 येते. सामानाचा प्रश्नच नाही, कारण या वर्गात माणशी 40 किलो विनामूल्य नेता येते.

विमानाचे तिकीट 3,600 रुपये धरले, तर चौघांचे 14,400 होतात. विमानतळांच्या जाण्यायेण्यास 1,200. तेथील उपाहारगृहात चौघांचे 1,200. बहुतेक कंपन्या माणशी 15 किलो सामान विनामूल्य घेतात. म्हणजे साठ किलो सुटले व दहा उरले. ते तेथेच ऐनवेळी किलोमागे 500 रुपयांनी भरले की आणखी 5,000! एकूण 21,800. तिकिटांत अंतर होते 9,200 रुपयांचे. प्रत्यक्षात ते 15,900 झाले.

मात्र या दोन खर्चांवर गृहिणीची सत्ता चालते. आदल्या रात्री सामान तोलून दहा किलो हातातल्या पिशव्यांत विभागावे. माणशी सात किलोंपर्यंत त्यास सहसा हरकत नसते. कात्री, सुरी तेवढी मोठ्या पेटीतच राहू द्यावी. दशम्यांचा डबा विमानातही चालतो. असे केल्यास विमानाचा खर्च 15,800 वर येतो. वाहनांचे 1,200 मात्र टळत नाहीत. म्हणून या कुटुंबास विमान आगगाडीइतके स्वस्त पडावयाचे, तर त्याचे तिकीट 1,125 रुपयांस मिळावयास हवे.

उरला वेळ. विमान दीड तासात पोहोचते खरे. पण घरापासून घरापर्यंत पाच तास सहज जातात, आणि तेही दिवसाचे. गाडीची रात्र झोपेत सरते. परंतु आगगाडीचे तिकीट प्रतीक्षायादीत असेल, तर हा सारा हिशेब व्यर्थ होय. संगणकावरून काढलेले असे तिकीट यादी लागेपर्यंत निश्चित न झाल्यास आपोआप रद्द होते. पैसे परत येतात, परंतु त्या दिवशीच्या विमानाचे दर तोवर कोठे गेलेले असतात, हे त्या बापड्या कुटुंबास तिकीट काढतानाच कळते. सबब प्रथम शय्या निश्चित करावी, मगच तुलना करावी.